बॉल टोकाला असताना तुझं कोणतं पाऊल कुठे आहे?

प्रश्न: मी अकरावीत आहे, नाशिकरोडला राहते, उजव्या हाताने व्हॉलीबॉल खेळते. स्मॅशची डावं-उजवं-डावं ही तीन पावलं पाठ झाली आहेत आणि बॉलशिवाय नीट पडतात. पण सेटरने बॉल दिला की सगळं बिघडतं. कधी बॉल डोक्याच्या मागे जातो, कधी हाताला लागतो पण थेट नेटमध्ये. सगळे म्हणतात उडी कमी पडते. खरंच उडीच कमी आहे का? हात कसा आणि कधी फिरवायचा?

उत्तर: उडी बहुतेक पुरेशी आहे, निघण्याची वेळ चुकते आहे. डोक्यामागे जाणारा बॉल आणि नेटमध्ये जाणारा बॉल ही एकाच चुकीची दोन रूपं आहेत. तू लवकर निघतेस. असं कशावरून म्हणतो ते थोड्या आकड्यांनी दाखवतो, कारण एकदा ते डोळ्यांसमोर आलं की पावलं आणि हात कुठे बसवायचे हे आपोआप कळतं.

मुलींचं नेट 2.24 मीटर उंच असतं. सेटरने चार नंबरला, म्हणजे पुढच्या ओळीत डावीकडे, साधा उंच बॉल दिला आणि तो नेटवर आणखी एक नेट उभं करावं इतका वर गेला, असं धरू. म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार मीटर. तुझी उंची 160 सेंटीमीटरच्या आसपास असेल, तर हात वर केल्यावर बोटं दोन मीटरच्या थोडी वर जातात. धावत घेतलेली उडी 35 सेंटीमीटर धरली, तर तळवा बॉलला लागतो तो सुमारे 2.35 मीटरवर. नेटच्या पट्टीपेक्षा फक्त 11 सेंटीमीटर वर.

आता वेळ बघ. सेटरच्या हातातून सुटलेला हा बॉल टोकाला, म्हणजे सगळ्यात उंच जागी, पोहोचायला सुमारे पाऊण सेकंद घेतो आणि टोकावरून तुझ्या हाताच्या उंचीपर्यंत यायला सुमारे 0.65 सेकंद. हातापाशी येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या वर गेलेला असतो. म्हणजे तू फक्त 0.2 सेकंद लवकर उडालीस, तर तू सगळ्यात उंच असताना बॉल तुझ्या हातापासून एक मीटरहून जास्त वर असतो. तू हवेत वाट बघतेस. बॉल खाली येतो, पण तोवर तूही खाली येत असतेस. उडीच्या टोकानंतरच्या त्या 0.2 सेकंदात शरीर सुमारे 20 सेंटीमीटर खाली येतं. तळवा 2.35 वरून 2.15 वर. म्हणजे नेटच्या पट्टीच्या नऊ सेंटीमीटर खाली. तिथून जोरात मारलेला बॉल नेटमध्येच जाणार. बघणाऱ्याला मात्र वाटतं की पोरीची उडी कमी पडली.

डोक्यामागचा बॉल याच कारणाने जातो. उडताना शरीर थोडं पुढे सरकत असतं. लवकर उडालीस, तर बॉल यायच्या आत तू त्याच्या खालून पुढे गेलेली असतेस. मग हात मागे नेऊन खरवडल्यासारखा बॉल मारावा लागतो आणि तो बाहेर जातो. कधी मनगटालाच लागतो.

हे तुझ्या बाबतीत खरं आहे का, ते मोबाइलने तपासता येईल. मैत्रिणीला नेटच्या खांबाजवळ, मैदानाच्या बाहेर, बाजूने उभं कर. तू, नेट आणि बॉलचं टोक हे तिन्ही चित्रात यायला हवेत, त्यामुळे तिला पाच-सहा पावलं मागे सरकावं लागेल. दहा स्मॅशचं शूटिंग घे. मग एकेक स्मॅश हळू पुढे सरकव आणि बॉल वर जायचा थांबतो त्या क्षणी थांबव. त्या चित्रात बॉलकडे बघू नकोस, स्वतःचे पाय बघ. साडेचार मीटरच्या बॉलला त्या क्षणी पहिलं डावं पाऊल टेकून झालेलं असावं आणि उजवा पाय मोठ्या पावलासाठी हवेत असावा. दोन्ही पाय जमिनीवर टेकून गुडघे वाकलेले दिसले, तर तू लवकर आहेस. अजून एकही पाऊल पडलेलं नसेल, तर उशिरा आहेस. नवशिक्यांच्या बहुतेक चित्रांत पहिलाच प्रकार दिसतो.

याचं कारणही साधं आहे. सेटरच्या हातात बॉल गेला की मनात घाई सुरू होते आणि पाय पळतात. जोरात सुरुवात केली की नेटजवळ थबकावं लागतं. मग तिसऱ्या पावलानंतर एक छोटं, नकळत पडणारं पाऊल येतं, किंवा गुडघे वाकवून वाट बघत बसावं लागतं. त्यात धावण्याचा सगळा वेग मरतो आणि उडी जागच्या जागी घेतल्यासारखी होते. उडी कमी दिसते ती इथे.

म्हणून पावलांची चाल अशी धर: पहिलं पाऊल हळू आणि लहान, दुसरं लांब आणि वेगाचं, तिसरं त्याला लगटून. तोंडाने म्हणायचं तर "एक… दोन-तीन". एक आणि दोन यांच्यात जागा आहे, दोन आणि तीन यांच्यात जवळजवळ नाही. दोन पाय टेकल्याचे आवाज "टप… टप" असे सुटे ऐकू आले तर तिसरं पाऊल रेंगाळतं आहे. "टटप" असा जोडून आवाज आला पाहिजे.

अंतरं तुझ्या उंचीला धरून सांगतो. नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेवर पायाची बोटं ठेवून उभी राहा, बाजूच्या रेषेच्या जरा बाहेर, तोंड थोडं आत वळवून. सरळ नेटवर धावू नकोस, थोडं तिरकं ये. पहिलं डावं पाऊल 60 सेंटीमीटरच्या आसपास. याचं काम दिशा धरण्याचं आहे, वेग घेण्याचं नाही. दुसरं उजवं पाऊल सव्वा मीटरच्या जवळपास आणि ते टाचेवर टेकायचं. टाच टेकली की पुढे जाणारा वेग अडतो आणि वर वळतो. चवड्यावर टेकलीस, तर वेग तसाच पुढे जातो आणि तू उडून नेटवर जातेस. तिसरं डावं पाऊल उजव्याच्या थोडं पुढे, खांद्यांइतक्या अंतरावर, पंजा उजवीकडे, म्हणजे सेटरकडे वळवून टेकायचा. हा वळलेला पंजा दोन कामं करतो. उरलेला पुढचा वेग रोखतो आणि डावा खांदा नेटकडे आणतो. डावा खांदा नेटकडे आला नाही, तर पुढे हात फिरवताना अंग वळायला जागाच उरत नाही.

सगळं मिळून तू नेटपासून एक ते सव्वा मीटरवर उडायला हवीस. हवेत तीसेक सेंटीमीटर पुढे सरकशील आणि बॉल तुझ्या उजव्या खांद्याच्या किंचित पुढे, नेटपासून अर्ध्या मीटरवर भेटेल. फक्कीने किंवा वाळूने जमिनीवर तीन खुणा करून घे: सुरुवातीची, उजव्या टाचेची आणि डाव्या पंजाची. पहिल्या आठवड्यात बॉल न घेता या खुणांवरून रोज वीस वेळा चाल. धावू नकोस, चालच. खुणा चुकल्या तर लगेच कळतं की कोणतं पाऊल लांबलं. तुझी उंची कमी-जास्त असेल तर खुणा त्याप्रमाणे सरकव, पण लहान-लांब-लहान हे प्रमाण बदलू नकोस.

डावखुऱ्या मुलांनी हेच सगळं उलट करायचं: उजवं, डावं, उजवं. अनेक ठिकाणी डावखुऱ्या पोराला बाकीच्यांबरोबर एकाच रांगेत उभं करून डावं-उजवं-डावं शिकवतात. मग त्याचा मारणारा हात आणि पुढचा पाय एकाच बाजूला येतात आणि अंग वळत नाही. तुझ्या संघात असं कोणी असेल तर त्याला नक्की सांग.

आता हात. हाताचं वेळापत्रक पायांनाच बांधलेलं असतं, वेगळं पाठ करायचं नसतं. पहिल्या पावलाला दोन्ही हात मोकळे, किंचित पुढे. उजवं लांब पाऊल पडत असताना दोन्ही हात सरळ मागे, कमरेच्या वरपर्यंत. डावा पंजा टेकला की दोन्ही हात मांड्यांजवळून खाली, पुढे आणि वर, जोराने. या झोक्यानेच उडीला भर मिळते. दोन्ही हात म्हणजे दोन्हीच. नवशिका मारणारा हात तेवढा मागे नेतो, दुसरा पोटाशी ठेवतो, आणि मग उडी एका बाजूला कलते.

दोन्ही हात कपाळाच्या वर आले की त्यांची कामं वेगळी होतात. डावा हात बॉलकडे बोट दाखवल्यासारखा वरच राहतो. उजवं कोपर मागे जातं, खांद्याच्या उंचीला किंवा जरा वर, आणि तळवा कानाच्या मागे उघडा. गलोल ताणल्यावर होतो तसा आकार. मारताना आधी डावा हात पोटाकडे खाली खेच. तो खाली आला की उजवा खांदा पुढे वळतो, मग कोपर वर-पुढे येतं, मग हात सरळ होतो आणि शेवटी मनगट. बॉलला उघडा तळवा लागतो, बोटं पसरलेली. आधी तळव्याचा खालचा भाग टेकतो आणि मग बोटं बॉलवरून पुढे-खाली वळतात. त्यामुळे बॉल पुढे गरगरत खाली झुकतो. जागा उजव्या खांद्याच्या वर आणि थोडी पुढे, जिथे हात पूर्ण ताणलेला असतो.

हातात जी चूक सगळ्यात जास्त दिसते ती कोपराची. कोपर खांद्याच्या खाली राहिलं की हात गोळाफेक करावी तसा पुढे ढकलतो. बॉल वरून मारला जात नाही, मागून लोटला जातो, आणि वेळ अचूक असली तरी तो नेटमध्ये जातो. म्हणून तुझ्या बाबतीत नेटमध्ये जाणाऱ्या बॉलची दोन कारणं असू शकतात, ती वेगळी करून बघ. शूटिंगमध्ये हात बॉलला लागतो त्या क्षणी थांब. हात पूर्ण सरळ आहे आणि तरी तळवा पट्टीच्या बरोबरीला किंवा खाली आहे, तर दोष वेळेचा. तू अजून उंच आहेस, पण कोपर वाकलेलं आहे, तर दोष हाताचा.

हाताचा दोष असेल तर टेनिसचा बॉल घे. नेटपासून तीन मीटरवर उभी राहून, एका पायावर अंग वळवून, तो नेटवरून असा फेक की पलीकडे तीन मीटरच्या रेषेच्या आत पडेल. रोज पंधरा-वीस फेकी पुरे. प्रत्येक फेकीला कोपर वर ठेव, म्हणजे तीच सवय लागते. त्यानंतर व्हॉलीबॉल भिंतीवर मारायचा. भिंतीपासून तीन-चार मीटर लांब उभी राहा, बॉल भिंतीच्या अलीकडे एक मीटरवर जमिनीवर आपट, तो भिंतीला लागून उंच परत येईल. चांगला तळवा लागला की खणखणीत आवाज येतो. बोटांच्या टोकांना लागला तर आवाज बोदा येतो आणि बॉल आडवा फिरतो.

वेळेचा दोष काढायला मारणं काही दिवस पूर्ण बंद कर. हे ऐकायला आवडत नाही, पण मारायची ओढ असेपर्यंत पाय थांबत नाहीत. त्याऐवजी बॉल पकड. मैत्रिणीने नेटजवळून दोन्ही हातांनी खालून बॉल सरळ वर टाकायचा, साडेचार मीटरपर्यंत. सेट करायचा नाही, टाकायचाच, कारण शिकणाऱ्या सेटरचे दोन बॉल सारखे येत नाहीत आणि मग चूक कोणाची ते कळत नाही. बॉल वर चढत असताना तू डावं पाऊल हळू टाक. तो वर थांबल्यासारखा वाटला की "दोन-तीन", उडी, आणि कपाळाच्या वर-पुढे, हात ताणून दोन्ही हातांनी पकड. पकडलेला बॉल कुठे आहे त्यावरून सगळं कळतं. हात ताणलेले आणि बॉल चेहऱ्यासमोर दिसतो आहे, तर वेळ बरोबर. पकडताना मान मागे गेली किंवा तू खाली येत होतीस, तर लवकर. छातीशी पकडलास, तर उशीर झाला. दहापैकी सात नीट पकडता आले की मारायला सुरुवात कर, आणि तेव्हाही पहिल्यांदा अर्ध्या जोराने.

लवकर निघायची सवय फारच पक्की असेल तर मैत्रिणीला "जा" म्हणायला लाव, बॉल टोकाला येण्याच्या किंचित आधी. दोन-तीन दिवस तिच्या आवाजावर चाल, मग आवाज बंद. आवाजावर फार दिवस राहू नकोस, डोळे आळशी होतात.

तुला दोन माणसांकडून दोन वेगळे सल्ले मिळाले असतील. एक म्हणतो बॉल सेटरच्या हातातून सुटला की नीघ, दुसरा म्हणतो बॉल टोकाला गेल्यावर नीघ. दोघंही आपापल्या बॉलपुरते बरोबर असतात. वेळ ठरते ती बॉलच्या उंचीवर. बॉल सहा मीटर वर गेला, तर टोकावरून तुझ्या हातापर्यंत यायला त्याला 0.85 सेकंदाच्या आसपास लागतात, म्हणजे आधीपेक्षा 0.2 सेकंद जास्त. त्या बॉलला डावं पाऊल टोकाच्या जवळ टेकायचं आणि "दोन-तीन" टोकानंतर, बॉल उतरायला लागल्यावर. उलट साडेतीन मीटरच्या बुटक्या बॉलला, तो वर चढत असतानाच लांब पाऊल पडलेलं लागतं. नवशिक्याने असा बॉल मागूच नये. सेटर तुझ्यापासून दोन मीटरवर आहे की पाच, याने मात्र वेळेत फरक पडत नाही. उंची तीच असेल तर बॉल हवेत तेवढाच वेळ राहतो. लांबून येणारा बॉल जास्त वेळ घेतो असं फक्त वाटतं.

म्हणून सेटरला एक गोष्ट मागून घे: सगळे बॉल एका उंचीचे. उंची मोजायला खांबाला बांधलेली लांब काठी चालते. तिच्या टोकाला साडेचार मीटरवर रंगीत फडकं बांधा आणि सेटरने त्या फडक्याशी उंची जुळवायची. एक महिना हाच बॉल. गावाकडे सेटरला लिफ्टर म्हणतात, आणि स्मॅश शिकणाऱ्यासाठी बॉल सारखा उचलणारा लिफ्टर खरोखर अर्धा गुरू असतो.

नेटबद्दलही सांगतो. शिकताना 2.24 मीटरचा हट्ट धरू नका. दोन महिने नेट 2.10 वर आणा. नेट उंच असलं की बॉल पट्टीवरून जावा म्हणून पोरं कोपर पाडून बॉल लोटायला लागतात आणि ती सवय पुढे वर्षभर जात नाही. पाय आणि हात बसले की दर पंधरा दिवसांनी पाच सेंटीमीटर वर घ्या.

मैदान उघडं असेल तर आपल्याकडच्या दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, मुरूम. वर सुटा बारीक खडा असला की लांब पावलाची टाच घसरते. एकदा घसरली की पुढच्या वेळी शरीर भीतीने चवड्यावर उतरतं आणि तू नेटवर जाऊ लागतेस. खेळण्याआधी नेटजवळची तीन मीटरची पट्टी झाडून थोडं पाणी मारा. पावसाळ्यात चिखल असेल तेव्हा उड्या नकोत, भिंतीवरचं हाताचं काम करा. हिरावाडीच्या क्रीडा संकुलासारख्या बंदिस्त जागेत खेळायला मिळालं, तर पहिली दहा मिनिटं फक्त पावलं टाकून बघ. तिथे टाच पक्की रुतते आणि मुरमाची सवय असलेल्या पायाला तो अडसर अचानक वाटतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. मैदान उत्तर-दक्षिण आखलेलं असेल आणि सराव संध्याकाळी असेल, तर दक्षिणेकडच्या अर्ध्यातून मार. तिथे चार नंबर पश्चिमेला येतो, तू सेटरकडे म्हणजे पूर्वेला बघतेस आणि सूर्य पाठीशी राहतो. उत्तरेकडच्या अर्ध्यातून मारलंस तर बॉलचं टोक नेमकं मावळत्या उन्हात येतं, ते दिसत नाही, आणि मग अंदाजाने, म्हणजे पुन्हा लवकर, निघणं होतं. सकाळी याच्या उलट. वारा असेल त्या दिवशी उंच बॉल वाहून जातो. तेव्हा बॉल साडेचारऐवजी चार मीटरवर घ्या आणि खुणांवर न चालता बॉलप्रमाणे दुसऱ्या पावलाची दिशा बदलायचा सराव करा. पहिलं पाऊल हळू असेल तरच ती बदलता येते.

उड्या मोजून घे. सुरुवातीला एका दिवशी पूर्ण ताकदीच्या तीस-चाळीस पुरे, आणि आठवड्यातून तीनच दिवस. सिमेंटवर असशील तर निम्म्या. प्रत्येक वेळी दोन्ही पायांवर, गुडघे मऊ ठेवून उतर. शूटिंगमध्ये उतरताना गुडघे आत एकमेकांकडे झुकताना दिसले, तर त्या दिवशी उड्या थांबव, पाय दमलेले आहेत. तू फक्त डाव्या पायावर उतरत असशील, तर बॉल तुझ्या डोक्यावरून डावीकडे जातो आहे आणि तू कलून मारते आहेस. तिथे पाय दुरुस्त करून भागत नाही. पहिल्या पावलाची दिशा बघ, तू बॉलच्या फार उजवीकडे, आत शिरते आहेस. सुरुवातीची खूण अर्धा मीटर बाहेर सरकव आणि पुन्हा दहा बॉल पकडून बघ.